आठ आणे गेले, तर उरलेल्या आठ आण्यांना काय करावे लागते?

इयत्ता आठवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारतो. एका माणसाकडे शंभर रुपये होते. पहिल्या वर्षी त्याला पन्नास टक्के तोटा झाला, दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के नफा झाला. आता त्याच्याकडे किती? निम्मा वर्ग हात वर न करताच ओरडतो, "शंभर, सर!" तोटा पन्नास, नफा पन्नास, म्हणजे फिटंफाट. मग फळ्यावर मांडून दाखवावे लागते. शंभराचे पन्नास झाले. आता नफा शंभरावर मोजायचा नाही, हातात उरलेल्या पन्नासांवर मोजायचा. पन्नासांचे पन्नास टक्के पंचवीस. म्हणून हाती पंच्याहत्तर. शंभर पुन्हा बघायचे असतील, तर त्या पन्नास रुपयांनी आणखी पन्नास कमवायला हवेत, म्हणजे शंभर टक्के नफा.

मुले चुकतात याचे आम्हाला नवल वाटत नाही. मोठी माणसेही याच ठिकाणी चुकतात आणि त्यांची चूक वहीत न राहता शेतात आणि घरात उतरते. आमच्याच खानदानातला एक हिशेब इथे मांडतो. नारायणगावच्या अलीकडे एका गावात आमचा धाकटा चुलतभाऊ शेती करतो. हिशेबाची वही त्याची आहे, त्याच्या परवानगीने ती उघडतो आहोत.

दोन एकरांचे एक एकर

2021 साली त्याच्याकडे साठवलेले चार लाख रुपये होते. घरखर्च, मुलांची फी आणि चाचींच्या औषधांचे पैसे यात धरलेले नाहीत. हे नुसते शेतीत खेळवायचे भांडवल. त्याने ते सगळे दोन एकर टोमॅटोला लावले. रोपे, मल्चिंग, ठिबक, खते, फवारणी, बांबू, तार आणि बांधणीची मजुरी धरून एकरी दोन लाख पडले. माल बरा आला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वीस किलोच्या कॅरेटने विकला जातो. त्याची दोन एकरांत मिळून अडीच हजार कॅरेट निघाली. तोडणी, गाडीभाडे आणि हमाली मिळून कॅरेटमागे चाळीस रुपये जात होते. घातलेले चार लाख परत यायला कॅरेटमागे हातात एकशे साठ उरायला हवे होते, म्हणजे बाजारात सरासरी दोनशे रुपये भाव मिळायला हवा होता.

मिळाला एकशे वीस. हातात कॅरेटमागे ऐंशी. अडीच हजार गुणिले ऐंशी, दोन लाख. चार लाखांचे दोन लाख झाले.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाई, एक हंगाम वाईट गेला. पुढचा चांगला गेला की भरून निघेल." आम्ही विचारले, "चांगला म्हणजे किती भाव?" तो म्हणाला, "दोनशेच्या वर गेला तरी झाले."

वही आम्ही पुढे ओढली. आता त्याच्याकडे दोन लाखच होते आणि दोन लाखांत एकच एकर लागतो. एका एकरात साडेबाराशे कॅरेट. तेवढ्या मालातून चार लाख उभे करायचे तर कॅरेटमागे हातात तीनशे वीस रुपये हवेत आणि बाजारात तीनशे साठ. ज्या दोनशे रुपयांच्या भावात तो गेल्या हंगामात कोरा सुटला असता, त्याच भावात या हंगामातही कोराच सुटणार होता, पण दोन लाखांवर. गेलेले दोन लाख तसेच गेलेले राहणार होते.

यातली खोच अशी आहे, की तोटा झाला तेव्हा दोन एकर काम करत होते आणि तो भरून काढायला एकच एकर उरला. तोटा करणारे हात दुप्पट होते, कमावणारे निम्मे. टक्क्यांच्या गणितातला सगळा घोळ एवढाच आहे.

आमचे वालिद टक्के वापरत नसत, आण्यांत बोलत. रुपयाचे सोळा आणे. 1957 साली दशमान नाणी आल्यावर आणे व्यवहारातून गेले, पण या हिशेबाला ते टक्क्यांपेक्षा सोयीचे आहेत. नियम एका ओळीचा: गेलेले भागिले उरलेले. दोन आणे गेले, तर उरलेल्या चौदा आण्यांनी दोन कमवायचे, म्हणजे सातवा हिस्सा, साधारण चौदा टक्के. चार आणे गेले, तर बारा आण्यांनी चार कमवायचे, तिसरा हिस्सा, तेहेतीस टक्के. आठ गेले, तर आठांनी आठ, दुप्पट. बारा आणे गेले, तर उरलेल्या चार आण्यांनी बारा कमवायचे, म्हणजे तीनशे टक्के नफा. आणि चौदा गेले, तर दोन आण्यांनी चौदा, सातशे टक्के.

घसरणीच्या सुरुवातीला हा हिशेब सौम्य असतो आणि चार-पाच आण्यांच्या पुढे अंगावर येतो. काळात मोजले तर आणखी स्पष्ट दिसते. समजा एखाद्याचा धंदा वर्षाला सरासरी पंधरा टक्के देतो, जे सोपे नाही. चार आण्यांचा तोटा भरायला त्याला दोन वर्षे लागतील. आठ आण्यांचा भरायला पाच. बारा आण्यांचा भरायला दहा वर्षे, म्हणजे तिसरीतली मुलगी बारावी पास होईपर्यंत.

हे फक्त टोमॅटोचे नाही. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स 8 जानेवारी 2008 रोजी 20,873 वर बंद झाला होता. 9 मार्च 2009 रोजी तो 8,160 वर आला. रुपयातले जवळपास दहा आणे गेले. पडला एकसष्ट टक्के, पण पूर्वीच्या जागी यायला त्याला एकशे छप्पन्न टक्के चढावे लागले. 2010 च्या दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांत तो पुन्हा एकवीस हजारांवर बंद झाला. पडायला चौदा महिने, चढायला वीस महिने, आणि हे नशीबवान उदाहरण म्हणायचे. जपानचा निक्केई निर्देशांक 1989 च्या डिसेंबरअखेर जिथे होता, तिथून पुढे 2009 पर्यंत तेरा आण्यांनी खाली गेला. जुन्या उंचीवर तो परतला फेब्रुवारी 2024 मध्ये, चौतीस वर्षांनी. निर्देशांकातून मेलेल्या कंपन्या काढून नव्या घालता तरी येतात. एकट्या कंपनीचा शेअर किंवा एकट्या माणसाचे भांडवल परतलेच पाहिजे, असे कुठे लिहिलेले नाही.

उचल घेतली तर?

चुलतभावाने हे ऐकले आणि लगेच वाट काढली. बाजारातला एक व्यापारी दोन लाख उचल द्यायला तयार होता. अट एवढीच, की माल त्याच्याच गाळ्यावर घालायचा. "म्हणजे पुन्हा दोन एकर होतील, भाई. मग तीनशे साठ कशाला लागतील?"

त्याचे गणित बरोबर होते, हे आम्हाला कबूल करावे लागले. दोन लाख स्वतःचे, दोन लाख उचलीचे. अडीच हजार कॅरेटमधून उचलीचे दोन लाख फेडून स्वतःचे चार लाख उभे करायचे, म्हणजे एकूण सहा लाख. कॅरेटमागे हातात दोनशे चाळीस, बाजारात दोनशे ऐंशी. तीनशे साठपेक्षा दोनशे ऐंशी केव्हाही जवळ. तोटा झालेला माणूस कर्जाकडे का ओढला जातो, त्याचे कारण या फरकात आहे. तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. कर्ज खरोखरच चढण कमी करते.

मग आम्ही दुसरी बाजू मांडली. गेल्या हंगामासारखाच पुन्हा एकशे वीस भाव मिळाला तर? अडीच हजार कॅरेट, हातात ऐंशी, दोन लाख. ते दोन लाख व्यापाऱ्याचे. स्वतःकडे शून्य. उचल न घेता एकच एकर केला असता, तर त्याच भावात एक लाख उरले असते. बाजार दोन्हीकडे तितकाच पडला, पण उचल घेणाऱ्याचे सोळाच्या सोळा आणे गेले आणि न घेणाऱ्याचे आठ. शून्याला मात्र कितीही टक्के नफा झाला, तरी ते शून्यच राहते. गेलेले भागिले उरलेले हा नियम तिथे थांबतो, कारण शून्याने भागता येत नाही.

इथे भाभींनी एक रास्त प्रश्न विचारला. "व्याज नसेल तर? माझे भाऊ कर्ज-ए-हसना देतील." आम्ही वरचा हिशेब पुन्हा दाखवला. त्यात व्याजाचा एक पैसाही धरलेला नव्हता. व्याज हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, पण बिनव्याजी कर्जही परत करावेच लागते. माल विकला न विकला, भाव मिळाला न मिळाला, रक्कम तीच राहते, म्हणून सगळा तोटा आपल्या हिश्शातून जातो. हाच पैसा भाऊ भागीदार म्हणून घालतील, तर हिशेब बदलतो. शिरकतीत नफा ठरल्याप्रमाणे वाटला जातो, पण तोटा ज्याचे जेवढे भांडवल, त्या प्रमाणातच पडतो. त्याच एकशे वीस भावात दोघांचे आठ-आठ आणे गेले असते आणि दोघांकडे एक-एक लाख उरले असते. चांगल्या वर्षी मात्र भावांना नफ्यातला वाटा द्यावा लागला असता. तोट्यात भागीदार हवा आणि नफ्यात सावकार हवा, असे दोन्ही एकदम मिळत नाही.

उचल घेतली नाही. भाभींचा त्यात आमच्यापेक्षा मोठा हात होता.

रेघ कुठे ओढायची

मग प्रश्न उरला, की पुढच्या हंगामात किती लावायचे. आम्ही दोघांनी मिळून उत्तर असे काढले. आधी हे ठरवायचे, की एका हंगामात जास्तीत जास्त किती आणे गेले तर सोसतील. त्याने दोन आणे म्हटले, कारण दोन आणे भरून काढायला सातवा हिस्सा नफा पुरतो आणि तेवढा एखाद्या बऱ्या हंगामात होतो. नंतर हे बघायचे, की टोमॅटोत वाईटात वाईट किती जाते. त्याचा अनुभव आठ आण्यांचा होता. सोसायचा तोटा भागिले वाईटात वाईट तोटा: दोन भागिले आठ, म्हणजे पाव. भांडवलाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त टोमॅटोत घालायचे नाही. त्या पावाचे आठ आणे गेले, तरी एकूण भांडवलाचे दोनच आणे जातील.

यात एक बारीक अट आहे आणि लोक तीच मोडतात. पाव हिस्सा आजच्या भांडवलाचा धरायचा, जुन्याचा नाही. चार लाखांच्या काळात पाव म्हणजे एक लाख होता. आता दोन लाखांवर तो पन्नास हजार झाला. तोटा झाल्यावर डाव आपोआप लहान व्हायला हवा. मन नेमके उलट सांगते, की एकदाच मोठा डाव टाकू आणि सगळे परत आणू. डाव लहान करत गेलात, तर ओळीने तीन हंगाम वाईट गेले तरी रुपयातले साधारण अकरा आणे हातात राहतात. प्रत्येक वेळी सगळे लावून तीनदा निम्मे घालवले, तर उरतात दोनच आणे.

2022 मध्ये त्याने पन्नास हजारांत दहा गुंठे टोमॅटो लावला. उरलेली जमीन चाऱ्याला आणि सोयाबीनला दिली, दोन गाई दूध देत होत्या. त्या दहा गुंठ्यांत दहा हजार गेले. भांडवल एक लाख नव्वद हजार. दुधाचे पैसे त्याने या वहीत मिसळले नाहीत, आणि ते बरे झाले. बाहेरून घातलेले पैसे नफा म्हणून मोजले, की खड्डा बुजला असे वाटते, पण धंदा तोट्यातच असतो.

2023 च्या उन्हाळ्यात पुन्हा तेवढेच, सत्तेचाळीस हजारांत दहा गुंठे. आणि त्या जुलैत जे झाले ते वाचकांना आठवत असेल. नारायणगावात टोमॅटोचे कॅरेट दोन हजारांच्या वर गेले. जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली. आमच्या भावाची तोडणी जूनअखेर सुरू झाली, शेवटची तोडणी जुलैत. सगळा खर्च जाऊन जवळपास तीनशे कॅरेटचे दोन लाख सदुसष्ट हजार आले. नफा दोन लाख वीस हजार. भांडवल चार लाख दहा हजार झाले, 2021 पूर्वीपेक्षा थोडे वरच.

आनंदाचीच गोष्ट, पण त्या दिवशी घरात आनंद नव्हता. एक एकर लावला असता तर दहा लाखांच्या वर आले असते, हा हिशेब गावातल्या प्रत्येकाने त्याला करून दाखवला होता. तो आमच्याशी नीट बोललाही नाही. त्याची तक्रार खरी होती. जी मर्यादा वाईट हंगामात वाचवते, तीच चांगल्या हंगामात हात बांधते. ही किंमत फुकट नाही, आणि ती सांगितल्याशिवाय कोणी मर्यादेचा सल्ला देऊ नये. फक्त एक गोष्ट त्या हिशेबात नव्हती. 2021 नंतर उचल घेऊन दोन एकर केले असते आणि 2022 सारखा हंगाम आला असता, तर 2023 च्या उन्हाळ्यात दहा गुंठ्यांचेही भांडवल हाती उरले असते की नाही, कोण जाणे.

जुलैच्या मध्यावर शिवारात सगळीकडे टोमॅटोच्या लागणी सुरू झाल्या. रोपवाटिकांपुढे गाड्यांची रांग लागली. चार लाख दहा हजारांत दोन एकर सहज बसत होते. त्याने वहीप्रमाणे पाव हिस्सा, एक लाख, लावला. अर्धा एकर.

सप्टेंबरात सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला आणि भाव असा कोसळला, की तोडणीचा खर्चही निघेना. लोकांनी टोमॅटो रस्त्याकडेला ओतला. त्याने तोडणी अर्ध्यावर सोडली. हाती आले वीस हजार. ऐंशी हजार गेले. चार लाख दहाचे तीन लाख तीस झाले. दोन एकर लावले असते, तर हातात नव्वद हजार उरले असते आणि चार लाख दहापर्यंत परतायला त्या नव्वद हजारांना साडेचार पट व्हावे लागले असते. आता तीन लाख तीस हजारांना चोवीस टक्के कमवायचे होते.

तरीही वही पाहताना आम्हाला एक गोष्ट खटकली. ठरले होते दोन आणे आणि गेले तीन. चूक कुठे झाली? वाईटात वाईट तोटा आठ आणे, हे आम्ही एका हंगामावरून धरले होते. या वेळी लावलेल्या पैशातले तेरा आणे गेले. आजवरचा सर्वांत वाईट अनुभव हा पुढच्या वाईटाचा तळ नसतो. टोमॅटोसारखा नाशवंत माल तर पूर्ण सोळा आणे घेऊन जाऊ शकतो, गारपिटीत किंवा रोगात तो तसाच जातो. तेव्हा दोन भागिले आठ नव्हे, तर दोन भागिले सोळा. पावाऐवजी आठवा हिस्सा. वहीत जुनी रेघ खोडून नवी ओढली.

ज्या रेघेवर थांबता येत नाही

यावर आमचे एक मेहुणे म्हणाले, की एवढे कशाला, तोटा वाढू लागला की माल काढून मोकळे व्हायचे. ते आंबेगाव तालुक्यात राहतात, मंचरच्या बाजारातून कांदा घेऊन साठवतात आणि विकतात. त्यांचा नियम होता, की खरेदीपेक्षा दहा टक्के भाव पडला की सगळा माल विकायचा. सहा लाखांच्या भांडवलातले तीन लाख ते कांद्यात घालत. दहा टक्क्यांवर बाहेर पडले, तर तीस हजार जातील, एकूण भांडवलाचा विसावा हिस्सा. कागदावर हा नियम चांगला आहे.

8 डिसेंबर 2023 पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. आदेश आदल्या दिवशीचा होता. मेहुण्यांचा माल विकायला निघाला, तेव्हा बोलीच त्यांच्या रेघेच्या बरीच खाली सुरू झाली. दहा टक्क्यांवर गिऱ्हाईकच नव्हते. नव्वद हजार गेले, ठरवल्याच्या तिप्पट. शेअर बाजारातही हेच घडते. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के पडला. सकाळी दहा टक्क्यांवर पाऊण तास सौदे थांबवावे लागले. ज्यांनी पाच टक्क्यांवर विकायची सूचना लावून ठेवली होती, त्यांतल्या अनेकांना तो भाव मिळालाच नाही.

म्हणून थांबायची रेघ उपयोगी असली, तरी तिच्यावर भांडवल टांगू नये. भाव पायरीपायरीने उतरला तरच ती काम करते. उडी मारून उतरला, तर आपण आधी किती लावले होते, एवढेच वाचवते. कांद्याला निदान काही आठवडे थांबता येते. उभ्या टोमॅटोला तेही नाही. त्याची मर्यादा लागणीच्या दिवशीच घालावी लागते, त्यानंतर ती घालायला जागा नसते.

मेहुण्यांच्या हिशेबात आणखी एक गळती होती, ती त्यांच्या मुलाने शोधली. त्यांनी उरलेले तीन लाख सुरक्षित समजले होते. त्यातले एक लाख त्यांच्याच भावाच्या कांदा चाळीत होते आणि साठ हजार एका वाहतूकदाराकडे येणे होते, जो फक्त कांदाच वाहतो. ज्या आदेशाने कांदा पडला, त्याने चाळही पडली आणि वाहतूकदारही. तीन ठिकाणी ठेवलेला पैसा एकाच ठिकाणचा निघाला. मर्यादा मोजताना पिकाचे किंवा माणसाचे नाव बघू नये. कोणती एक वाईट बातमी आली तर काय काय एकदम बुडेल, ते बघावे आणि त्या सगळ्याची एक बेरीज धरावी.

आमच्या भाच्यांपैकी दोघे मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करतात. ते जायज की नाजायज, हे उलेमांना विचारावे. आम्ही हिशेबापुरते सांगतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आपला अभ्यास जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या सामान्य लोकांपैकी त्र्याण्णव टक्के तोट्यात होते. विकत घेतलेल्या ऑप्शनमध्ये घातलेली सगळी रक्कम जाणे ही रोजची गोष्ट आहे. तेव्हा त्याचा वाईटात वाईट तोटा सोळा आणेच धरायचा. एका भाच्याला आम्ही विचारले, की या महिन्यात किती आणे गेले. त्याला सांगता आले नाही. त्याने प्रत्येक सौद्याचा नफा-तोटा लिहिला होता, पण भांडवल किती होते आणि आता किती उरले, हे कुठेच नव्हते. तो आकडा नसला, की "गेलेले भागिले उरलेले" मांडताच येत नाही. पुढच्या रविवारी तो वही घेऊन येणार आहे.

चुलतभावाने या हंगामात आठव्या हिश्शाप्रमाणे आठ गुंठे टोमॅटो लावला आहे. लागणीआधी चाचींनी त्याला विचारले, "इतका थोडा?" त्याने वही त्यांच्यापुढे ठेवली. चाचींना मराठी वाचता येत नाही, आकडे येतात. त्यांनी चार लाखांच्या आणि दोन लाखांच्या ओळींवर बोट ठेवले, मधली रेघ पाहिली आणि रोपे मोजायला बाहेर गेल्या.